खातं चोराच्या हातात, कार्डं तीन जणांची: एका शनिवारच्या रात्रीचं प्रकरण

(हे प्रकरण खरं आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी काही वर्षं बँकेच्या कार्ड विभागात काम केलं असल्यामुळे ओळखीतले लोक अशा वेळी मला फोन करतात. त्यातलाच हा एक.)

पार्श्वभूमी

निखिल माझ्या जुन्या सहकाऱ्याचा धाकटा भाऊ. त्याच्या फोनवरच्या एका शॉपिंग अ‍ॅपमध्ये तीन कार्डं सेव्ह होती. एक त्याचं स्वतःचं क्रेडिट कार्ड, दुसरं बायकोचं, म्हणजे मृदुलाचं डेबिट कार्ड, आणि तिसरं सासऱ्यांचं. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. वय एकाहत्तर, पेन्शन ज्या खात्यात येते त्याच खात्याचं ते डेबिट कार्ड. दोन-अडीच वर्षांपूर्वी अण्णांना गुडघ्याचा पट्टा हवा होता. "पैसे माझेच जाऊ देत" असा त्यांचा आग्रह, म्हणून निखिलने त्यांचं कार्ड टाकून ऑर्डर दिली. पैसे भरण्याच्या पानावर कार्ड सुरक्षित ठेवण्याची संमती देणारी एक चौकट असते. ती टिक झाली, अण्णांनी आलेला ओटीपी वाचून दाखवला आणि विषय संपला. ते कार्ड अजून तिथे आहे हे निखिललाही आठवत नव्हतं.

त्याच अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये परत केलेल्या वस्तूंचे मिळून २,३५० रुपये पडून होते. पत्त्यांच्या यादीत निखिलचं घर, त्याचं ऑफिस आणि अण्णांचं घर होतं. प्रत्येक पत्त्याखाली त्या-त्या माणसाचा मोबाइल नंबर.

काय घडलं

शनिवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास निखिलला फोन आला. बोलणारा डिलिव्हरीवाला असल्याचं सांगत होता. तुमच्या नावाचं पार्सल चुकून दुसऱ्या गावच्या पत्त्यावर निघालंय, ते रद्द करायला आलेला सहा आकडी कोड सांगा. निखिलने सांगितला. "हा चालत नाहीये, दुसरा आला असेल बघा." निखिलने दुसराही सांगितला.

पहिला कोड होता खात्यात शिरण्याचा आणि दुसरा होता खात्यावरचा मोबाइल नंबर बदलण्याचा. नंतर मी ते दोन्ही मेसेज पाहिले. दुसऱ्यात नंबर बदलण्याचा उल्लेख स्वच्छ होता, पण फोन कानाला लावून माणूस मेसेज वाचत नाही, फक्त आकडे शोधतो.

दोन-चार मिनिटांत निखिलच्या फोनवरचं अ‍ॅप आपोआप लॉगआउट झालं. पुन्हा आत जायला गेला तर कोड त्याच्या नंबरवर येईचना. मग ७:५८ ला बँकेचा ओटीपी आला, त्याच अ‍ॅपवरच्या २४,९९० रुपयांच्या खरेदीसाठी. पाठोपाठ त्याच माणसाचा फोन. आता मात्र निखिलने तो कापला.

८:०५ ला अण्णांचा फोन वाजला. चोराकडे अण्णांचा नंबर कुठून आला? पत्त्यांच्या यादीतून. "तुमच्या जावयांचं पार्सल आहे, कोड सांगा." अण्णांच्या फोनवर ओटीपी खरंच आला होता. अण्णा चष्मा लावून मेसेज पहिल्या शब्दापासून वाचतात, ही सवय त्या रात्री कामी आली. त्यांनी समोरच्याला विचारलं, "पार्सल रद्द करायचंय म्हणता, मग यात अठरा हजार चारशे नव्याण्णव रुपये का लिहिलेत?" पलीकडून फोन बंद झाला. अण्णांनी लगेच जावयाला फोन लावला: "अहो निखिलराव, तुम्ही काही मागवलंय का?"

८:१० ला निखिलचा मला फोन. पहिलं वाक्य, "दादा, तिन्ही कार्डं ब्लॉक करतोय, बरोबर ना?"

चोराच्या हातात नेमकं काय होतं

मी त्याला दोन मिनिटं थांबवलं. कार्ड ब्लॉक करायला माझा विरोध नव्हता. पण चोराला काय दिसतंय आणि काय दिसत नाही हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय आंधळाच झाला असता.

२०२२ च्या १ ऑक्टोबरपासून आपल्याकडे दुकानदाराला, अ‍ॅपला किंवा पेमेंट गेटवेला ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ती मुभा फक्त कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांच्यापुरती ठेवली. अ‍ॅपकडे असतं ते टोकन, म्हणजे कार्डाच्या नंबराऐवजी वापरायचा वेगळा क्रमांक. तो त्या कार्डासाठी आणि त्या दुकानदारासाठी बांधलेला असतो. पैसे भरताना टोकनाबरोबर एकदाच चालणारी सांकेतिक खूणही जाते. त्यामुळे एका अ‍ॅपचं टोकन कुणी पळवलं तरी दुसऱ्या दुकानात ते काही कामाचं नाही. स्क्रीनवर दिसतात ते कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव, कारण हिशेब जुळवण्यासाठी तेवढं ठेवायची परवानगी आहे.

म्हणजे निखिलच्या खात्यात बसलेल्या माणसाकडे तिन्ही कार्डांपैकी एकाचाही पूर्ण नंबर नव्हता. तो कार्ड घेऊन दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. पण त्याच खात्यात बसून, त्याच टोकनावर, तो ऑर्डर देऊ शकत होता. त्या अ‍ॅपवर सेव्ह केलेल्या कार्डासाठी सीव्हीव्हीही विचारत नव्हते. मध्ये उभा होता तो फक्त ओटीपी, आणि ओटीपी मागायला लागणारे फोन नंबर पत्त्यांच्या यादीत तयार होते.

टोकनाबद्दल लोक "आता कार्ड सेव्ह केलं तरी काही होत नाही" असं म्हणतात ते इथे अडतं. नंबर फुटण्याचा धोका टोकनाने खरोखर कमी केला. खातं फुटलं तर टोकन त्या खात्याच्या मालकासाठी जसं चालतं तसंच चोरासाठीही चालतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय निखिलचाच, तिन्ही कार्डं कायमची ब्लॉक करणं. खात्रीचा उपाय, पण किंमत मोठी. अण्णा दर महिन्याला त्याच कार्डाने एटीएममधून पैसे काढतात आणि नवीन कार्ड हातात पडून पिन तयार होईपर्यंत त्यांची अडचण होणार होती. निखिलच्या क्रेडिट कार्डावर ब्रॉडबँडचं बिल आणि, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, विम्याचा हप्ता आपोआप जात होता. नंबर फुटलेलाच नसताना नंबर बदलणं मला पटत नव्हतं.

दुसरा पर्याय अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डं डिलीट करणं. एरवी हाच सरळ मार्ग, दुकानदाराने टोकन काढून टाकण्याची सोय द्यायचीच असते. पण निखिल स्वतःच बाहेर अडकला होता. घाईत त्याने फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं होतं आणि त्याला वाटत होतं की त्याने काहीतरी फरक पडला असेल. अजिबात नाही. कार्ड फोनमध्ये नसतंच, खात्याला जोडलेलं असतं. अ‍ॅप काढल्याने टोकनाला धक्काही लागत नाही.

तिसरा पर्याय फारसा कुणाला माहीत नसतो. टोकन बँकेच्या बाजूनेही काढता येतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये दुकानदारांकडच्या टोकनांना परवानगी दिली तेव्हाच बँकांवर एक जबाबदारी टाकली: ग्राहकाने आपलं कार्ड कुठल्या-कुठल्या दुकानदाराकडे टोकन करून ठेवलंय याची यादी त्याला दिसली पाहिजे आणि त्यातलं हवं ते रद्द करता आलं पाहिजे. यासाठी अ‍ॅपच्या खात्यात शिरावं लागत नाही. खातं चोराच्या ताब्यात असताना हा दरवाजा आपल्या हातात राहतो.

चौथा पर्याय तात्पुरता पण सगळ्यात जलद, कार्डाचा ऑनलाइन वापर बंद करणं. जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर प्रत्येक बँकेला कार्डाचा ऑनलाइन, दुकानातला, एटीएममधला आणि परदेशातला वापर वेगवेगळा चालू-बंद करण्याची सोय चोवीस तास द्यावी लागते. ऑनलाइन बंद केलं तरी एटीएम चालू राहतं. अण्णांसाठी मला हेच हवं होतं.

काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

आधी चौथा, मग अ‍ॅपच्या मदतकेंद्राला फोन, मग तिसरा. ब्लॉक करणं हातचं राखून ठेवलं. ओटीपी कुणी चुकून दिला असता किंवा कार्डावर अनोळखी खर्च दिसला असता, तर मात्र थांबायचं नव्हतं.

निखिल आणि मृदुलाच्या बँकांच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन वापराचं बटण लगेच सापडलं. अण्णांच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप नव्हतं. मृदुलाने त्यांचं नेटबँकिंग उघडून दिलं होतं, पण पासवर्ड होता अण्णांच्या डायरीत आणि डायरी होती कपाटात. अण्णांनी पासवर्ड मुलीला फोनवर सांगायला साफ नकार दिला. अर्ध्या तासापूर्वीच कुणीतरी फोनवरून कोड मागितला होता, तेव्हा मला त्यांचं वागणं बरोबरच वाटलं. शेवटी त्यांनी बँकेच्या हेल्पलाइनला स्वतः फोन करून, बटणं दाबत, ऑनलाइन वापर बंद केला. साडेआठपर्यंत तिन्ही कार्डं ऑनलाइन व्यवहारांसाठी बंद झाली होती.

अ‍ॅपच्या मदतकेंद्राने ९:२० ला खातं गोठवलं. मधल्या वेळात निखिलने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि cybercrime.gov.in वर तपशील भरले. फोन आलेला नंबर, दोन्ही कोडांचे मेसेज, नंबर बदलल्याचा ईमेल, बँकेच्या ओटीपीचे मेसेज, सगळ्यांचे स्क्रीनशॉट वेळेसकट.

मग टोकनांची यादी. निखिलच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती कार्डाच्या सेटिंगमध्ये बरीच आत दडलेली होती. उघडली तर एका क्रेडिट कार्डावर अकरा नावं! त्यातली चार त्याला ओळखताच येईनात. एक नाव कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं होतं आणि त्याला वाटलं हेच चोराचं काम. स्टेटमेंटमध्ये तेच नाव शोधलं तेव्हा उलगडलं: तो दर आठवड्याला जिथून जेवण मागवतो त्या अ‍ॅपच्या मागची कंपनी. अ‍ॅपचं नाव एक आणि कंपनीचं कागदोपत्री नाव दुसरं, हे या यादीत फार होतं. अनोळखी नाव दिसलं की आधी स्टेटमेंटशी ताडून पाहावं. तिथे खर्च झाला नसेल आणि नाव तरीही लागत नसेल, तेव्हा बँकेला विचारावं.

चोराच्या ताब्यातल्या अ‍ॅपचं टोकन आम्ही रद्द केलं, मृदुलाच्या कार्डावरचंही. अण्णांचं सोमवारी शाखेत जाऊन रद्द झालं. काउंटरवरच्या मुलीने आधी "हे तुम्हाला त्या अ‍ॅपमधूनच करावं लागेल" असं सांगितलं. अण्णा हलले नाहीत. मग तिने आतून कुणाला तरी विचारलं आणि काम झालं.

इथवर सगळं नीट होतं. त्यानंतर निखिलने, मी फोन ठेवल्यावर, उरलेल्या दहापैकी नऊ टोकनं झटक्यात काढून टाकली.

परिणाम

कार्डांतून एक रुपयाही गेला नाही. गेले ते वॉलेटमधले २,३५० रुपये. खातं परत मिळाल्यावर ऑर्डरच्या इतिहासात दिसलं, ७:५१ ला त्या पैशांचं गिफ्ट व्हाउचर घेतलं गेलं होतं. बँकेचा पहिला ओटीपी येण्याच्या सात मिनिटं आधी. त्या अ‍ॅपच्या वॉलेटमधून खर्च करायला ओटीपी लागत नव्हता, म्हणून चोराने आधी तेच उचललं आणि मग कार्डांकडे वळला. आम्ही रात्रभर कार्डांची काळजी करत होतो तेव्हा चोरी होऊन गेलेली होती. ओळखपत्रं पाहून अ‍ॅपने खातं तिसऱ्या दिवशी परत दिलं, पण वॉलेटचे पैसे दिले नाहीत. कोड तुम्हीच सांगितला होता, असं त्यांचं म्हणणं. १९३० वरच्या तक्रारीतूनही ते अजून आलेले नाहीत.

दुसरा परिणाम पुढच्या महिन्यात दिसला. ब्रॉडबँडचं बिल भरलं गेलं नाही आणि जोडणी एक दिवस बंद पडली. ते बिल कार्डावरच्या मँडेटने, म्हणजे पैसे आपोआप कापून घेण्यासाठी आधीच दिलेल्या परवानगीने जात होतं आणि मँडेट ज्या टोकनावर उभं होतं ते निखिलने त्या रात्री काढून टाकलेल्या नवांपैकी एक. विम्याचा हप्ता वाचला, कारण तो दुसऱ्या खात्यातून जात होता असं शोधल्यावर कळलं. निखिलला उगीचच वाटत होतं की तो कार्डावर आहे.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपोआप जाणारा हप्ता थांबवायचा असेल तर नुसतं सेव्ह केलेलं कार्ड काढून भागेल यावर विसंबू नये. मँडेट ही वेगळी नोंद असते आणि बँकेकडे ती वेगळी रद्द करावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतचे असे हप्ते पहिल्या नोंदणीनंतर दर वेळी ओटीपी न मागता जातात. आदल्या दिवशी बँकेकडून सूचना येते, तीच रद्द करण्याची हक्काची संधी.

यादीत नसलेलं एक कार्ड

खातं परत आल्यावर निखिलने विचारलं, एका परदेशी सॉफ्टवेअरच्या साइटवर माझं कार्ड आहे, ते या यादीत का नाही? कारण वर सांगितलेला नियम देशातल्या व्यवहारांचा आहे. परदेशी दुकानदाराकडे कार्डाचा खरा नंबर साठवलेला असू शकतो आणि तिथला व्यवहार ओटीपीशिवायही होऊ शकतो. असं कार्ड त्या साइटवर जाऊनच काढावं लागतं. आपल्याकडून करता येतं ते एवढंच, की कार्डाचा परदेशातला वापर एरवी बंद ठेवायचा आणि लागेल तेव्हा तासाभरापुरता उघडायचा. त्या साइटवरून कार्ड काढताना तिने "दुसरं कार्ड जोडल्याशिवाय हे काढता येणार नाही" असं सांगितलं. सदस्यत्व चालू असेल तर असं होतं. आधी सदस्यत्व रद्द केलं, मग कार्ड निघालं.

आता वेगळं काय केलं असतं

माझ्या बाजूने एक चूक स्पष्ट आहे. टोकनांची यादी उघडून दिल्यावर मी निखिलला तिथेच सोडलं. त्याआधी मँडेटची यादी उघडायला सांगायला हवी होती. आता कुणाला मदत करताना मी ती यादी आधी बघतो. ज्या नावावर चालू हप्ता आहे त्याला हात लावायचा नाही, आणि लावायचाच असेल तर हप्त्याची दुसरी सोय झाल्यावर.

क्रमाबद्दलही एक शंका मला आहे. आम्ही अ‍ॅपला फोन केला तो कार्डांचा ऑनलाइन वापर बंद केल्यानंतर. मृदुला तिथेच होती, तिने एकीकडे मदतकेंद्र गाठलं असतं तर खातं अर्धा तास आधी गोठलं असतं. वॉलेट वाचलं नसतं, ते ७:५१ लाच गेलं होतं, पण चोराला अण्णांसारखे आणखी नंबर पाहायला तेवढा वेळ कमी मिळाला असता.

खातं परत मिळाल्यावर साफसफाई कशी करायची यावर मात्र आमचं एकमत झालं. सगळ्यात आधी खात्यातून सगळ्या उपकरणांना लॉगआउट केलं. नाहीतर चोराचा फोन आत असतानाच आपण आवरत बसतो. मग मोबाइल नंबर आणि ईमेल आपलेच आहेत ना ते तपासलं. त्यानंतर कार्डं, सेव्ह केलेले यूपीआय आयडी आणि अ‍ॅपची उधारीची सोय काढली. शेवटी पत्ते. अण्णांच्या पत्त्याखाली आता निखिलचाच नंबर आहे. दुसऱ्या दिवशी बँकेच्या यादीत पुन्हा डोकावून टोकनं खरोखर गेली आहेत ना हे पाहिलं. हा शेवटचा फेरा मी सोडत नाही, कारण अ‍ॅपच्या पानावरून नाव गेलं म्हणजे बँकेकडूनही गेलं असं गृहीत धरायला मी तयार नाही.

निखिलने स्वतःचं एकच कार्ड त्या अ‍ॅपवर पुन्हा ठेवलं आहे. वॉलेटमध्ये परताव्याचे पैसे राहू देत नाही, परतावा थेट कार्डावर किंवा खात्यात मागतो. अण्णांच्या कार्डाचा ऑनलाइन वापर त्या शनिवारपासून बंदच आहे. गेल्या महिन्यात त्यांना गुडघ्याचा नवीन पट्टा लागला तेव्हा निखिलने तो आपल्या कार्डाने मागवला, आणि अण्णांनी पैसे पाकिटात घालून त्याच्या हातात दिले.